निरोपाचा ईमेल



आमच्या केंद्रातल्या लेखापाल ताईने यंदा जूनअखेर काम सोडले. सहा वर्षे तिने १४० बचत गटांचे हिशेब सांभाळले. आता ती तालुक्याच्या गावी दुसऱ्या नोकरीला लागली आहे. वयाने ती आम्हा समन्वयकांपेक्षा लहान, म्हणून आम्ही तिला ‘ती’च म्हणतो. जाण्याआधी तिने केंद्रातल्या सगळ्यांना निरोपाचा एक ईमेल पाठवला. आजचे बोलणे त्या ईमेलबद्दल आहे, कारण तो दोनदा लिहिला गेला. पहिला कधी पाठवलाच नाही. दुसरा गेला, आणि त्याची छापील प्रत अजून आमच्या फलकावर आहे. दोन्ही ईमेल तिला विचारूनच, नावे वगळून, तुम्हाला वाचून दाखवतो.

झाले असे. एका संध्याकाळी आम्ही कार्यालय बंद करत होतो. ती फोन घेऊन आली आणि म्हणाली, ‘‘ताई, एकदा नजर टाका, मग पाठवून देते.’’ मजकूर तिने फोनवर बोलून उमटवला होता. तो असा होता:

‘सर्वांना नमस्कार मी ३० जून पासून आपल्या केंद्रा तून रजा घेत आहे सहा वर्ष कशी गेली कळलेच नाही आपण सर्वांनी खूप खूप सहकार्य केले अध्यक्ष मावशी ने आणी मॅनेजर मॅडम ने नेहमी साथ दिली पण तीन महिन्याचे मानधन मागून मागून थकले त्याचे वाईट वाटते वरच्या वाडीच्या गटातल्या ताईंचे चार हप्ते राहिले आहेत ते कोणीतरी बघा मार्चमध्ये आपण जी चूक केली ती परत होऊ देऊ नका आणी माझे काही चुकले असेल तर माफ करा आपलीच’

आम्ही तो दोनदा वाचला. तिच्या मनात काय होते ते आम्हाला कळले, कारण आम्ही तिच्या शेजारच्याच टेबलावर बसतो. पण जो शेजारी बसत नाही, त्याला काय कळेल? पहिलाच शब्द घ्या. ‘रजा घेत आहे.’ तिला म्हणायचे होते, निरोप घेते आहे. पण कार्यालयात रजा म्हणजे सुट्टी. वाचणारीला वाटेल, आठ दिवसांनी परत येईल. म्हणजे हिशेबाचे प्रश्न तोवर तसेच पडून राहतील. निरोपाच्या पत्रात पहिल्या दोन ओळींत दोनच गोष्टी हव्यात: मी काम सोडते आहे, आणि माझा शेवटचा दिवस हा. बाकी सगळे त्याच्या मागून.

मग आम्ही तिला विचारले, ‘‘हा कोणाकोणाला जाणार?’’ ती म्हणाली, ‘‘सगळ्यांना.’’ आम्ही नावे मोजली. अध्यक्ष मावशी, व्यवस्थापक मॅडम, आम्ही समन्वयक, सहयोगिनी, कार्यालयातल्या मुली, मिळून २८ जणी. एकीला लिहिलेले पत्र आणि २८ जणींना लिहिलेले पत्र यांत फरक असतो. एकीला लिहिताना ती कोण आहे हे आपल्याला माहीत असते. २८ जणींना लिहिताना प्रत्येक ओळ प्रत्येकीच्या डोळ्यांनी वाचून बघावी लागते.

तशी वाचली तेव्हा वरच्या वाडीच्या ताईंच्या थकलेल्या हप्त्यांवर आम्ही सगळेच थांबलो. त्या ताईंची जाऊ आमच्याकडे सहयोगिनी आहे. हा ईमेल तिलाही जाणार. म्हणजे थकबाकीची गोष्ट संध्याकाळपर्यंत घरात आणि दुसऱ्या दिवशी वाडीत. लेखापाल ताईचा हेतू चांगला होता. आपण गेल्यावर ते कर्ज दुर्लक्षित राहू नये, एवढेच तिला वाटत होते. पण त्याची जागा हा ईमेल नव्हे. आम्ही तो मजकूर काढून चार्ज यादीत लिहिला. चार्ज यादी म्हणजे काम सोपवताना करायची यादी: कोणती पुस्तके दिली, कोणती पावतीपुस्तके, कितव्या पावतीपासून कोरी, किल्ल्या किती, कोणाचे कोणते काम अर्धवट. देणारी आणि घेणारी, दोघींनी सही करायची. हप्त्यांची गोष्ट तिथे गेली आणि ज्या दोघींना ती माहीत असायला हवी, त्यांनाच कळली.

आता मानधन. इथे मात्र ती अडून बसली. म्हणाली, ‘‘ताई, हे मी काढणार नाही. मग काय मी गोडगोडच लिहायचं? तुम्हीपण केंद्राचीच बाजू घेता.’’

खरे सांगायचे तर आम्ही गप्प झालो. मार्च, एप्रिल आणि मे, तीन महिन्यांचे तिचे मानधन राहिले होते. हे आम्हाला माहीत होते. ती मागत होती आणि आम्ही ‘होईल, होईल’ म्हणत होतो. तेव्हा तिला ‘ही ओळ काढ’ एवढेच सांगणे बरोबर नव्हते.

पण त्या ओळीने काय झाले असते तेही बघू. धनादेशावर सह्या करणाऱ्या दोघीच. उरलेल्या २६ जणी वाचून हळहळल्या असत्या, काहींनी उत्तरे लिहिली असती आणि पैसे होते तिथेच राहिले असते. शिवाय ‘मागून मागून थकले’ या शब्दांत महिना नाही, रक्कम नाही, तारीख नाही. उद्या कोणी ‘कुठे मागितले होते?’ विचारले तर हातात काही नाही. म्हणून आम्ही तिथेच बसून वेगळा अर्ज लिहिला. मार्च, एप्रिल, मे, दरमहा ८,००० प्रमाणे एकूण २४,००० रुपये. तोंडी कधी मागितले, त्या तारखा. कोणत्या तारखेपर्यंत मिळावेत, ते. अर्जाच्या दोन प्रती. एक अध्यक्ष मावशींकडे द्यायची आणि दुसरीवर ‘मिळाला’ असे लिहून तारीख, सही आणि शिक्का घ्यायचा. त्या दुसऱ्या प्रतीला पोच म्हणतात, ती आपल्याजवळ ठेवायची. अर्जाखाली आम्हीही सह्या केल्या. एवढे झाल्यावर तिने स्वतःच्या हाताने ईमेलमधली ती ओळ पुसली.

मैत्रिणींनो, कुरकूर काढून टाकली म्हणजे ईमेल आपोआप प्रेमळ होत नाही. उरले काय होते? ‘खूप खूप सहकार्य केले, नेहमी साथ दिली.’ हे वाक्य कोणत्याही कार्यालयातून जाणारी कोणीही कोणालाही लिहू शकते. ‘खूप’ हा शब्द दोनदा लिहिल्याने प्रेम दुप्पट होत नाही. आम्ही तिला विचारले, ‘‘मॅडमनी साथ दिली, म्हणजे नेमकं काय केलं?’’ ती जरा थांबली आणि मग तिने ९० रुपयांच्या फरकाची गोष्ट सांगितली. मग मावशींच्या भाकरीची. मग ओढ्यावरून येणाऱ्या पासबुकांची. आम्ही म्हटले, ‘‘हेच लिही. जसं आत्ता बोललीस तसंच.’’ या गोष्टी तुम्हाला पुढे ईमेलमध्ये ऐकायला मिळतील.

आता शुद्धलेखनाकडे येऊ. ती म्हणाली, ‘‘ताई, आपलीच माणसं आहेत. चुकलं थोडं तर काय झालं?’’ बोलताना काही होत नाही. चेहरा दिसतो, आवाज ऐकू येतो. कागदावर दोन्ही नसतात. तिथे आपला आदर, आपला सूर, सगळे अक्षरांतूनच कळते. तिच्या मजकुरात आम्हाला चार गोष्टी सापडल्या.

पहिली, पूर्णविराम. फोनवर बोलून लिहिले की शब्द बहुधा बरोबर उमटतात, पण पूर्णविराम राहून जातात. तिच्या मजकुरात एकही नव्हता. एका वाक्यात एक गोष्ट, मग पूर्णविराम. नवा विषय आला की नवा परिच्छेद. एवढ्यानेच निम्मे पत्र सुधारले.

दुसरी, सुटे पडलेले प्रत्यय. ‘केंद्रा तून’, ‘जून पासून’, ‘मावशी ने’. मराठीत हे तुकडे मागच्या शब्दाला जोडून लिहायचे: केंद्रातून, जूनपासून. फोनच्या कळफलकावर प्रत्येक तुकड्यानंतर मोकळी जागा पडते, म्हणून हे होते. पाठवण्याआधी ती जागा पुसून टाकायची.

तिसरी, डोक्यावरचा टिंब, म्हणजे अनुस्वार. ‘मावशीने साथ दिली’ असे आपण घरच्या मावशीबद्दल म्हणतो. पण अध्यक्ष मावशींना आपण ‘तू आलीस का’ म्हणत नाही, ‘तुम्ही आलात का’ म्हणतो. मग कागदावर ‘मावशींनी साथ दिली’ असे हवे. त्या टिंबात आणि ‘नी’मध्ये त्यांचा मान आहे. तसेच ‘तीन महिन्याचे’ नव्हे, ‘तीन महिन्यांचे’. ओळखायची खूण सोपी आहे. माणसे किंवा वस्तू एकाहून जास्त असतील, किंवा एकच माणूस पण आपण ‘त्या आल्या’ असे मानाने म्हणत असू, तर प्रत्यय लागताना टिंब येतो. नुसते ‘तीन महिने’ लिहिताना टिंब नाही, कारण तिथे प्रत्यय नाही. ‘तीन महिन्यांचे’ लिहिताना आहे. ‘सहा वर्ष’ असे आपण बोलतो, लिहिताना ‘सहा वर्षे’ लिहायचे. आणि ‘आणी’ नव्हे, ‘आणि’. मराठीत शेवटची वेलांटी बहुतेक दीर्घ असते, म्हणून हात दुसरी वेलांटी देतो. ‘आणि’ हा त्याला अपवाद आहे.

चौथी गोष्ट सगळ्यांत नाजूक. ‘मार्चमध्ये आपण जी चूक केली.’ आपण म्हणजे कोण? ‘आपण’चा अर्थ ‘तुम्ही’ असाही होतो आणि ‘आपण सगळे’ असाही होतो. मार्चमध्ये दोन गटांची जमा एकमेकांच्या नावावर लिहिली गेली होती. सहयोगिनींना त्या गटांची बोलणी खावी लागली होती. त्यांनी ‘आपण चूक केली’ वाचले असते तर त्यांना वाटले असते, जाता जाता हिने चूक आमच्यावर ढकलली. आम्ही विचारले, ‘‘चूक कोणाची होती?’’ ती म्हणाली, ‘‘माझीच होती, ताई.’’ मग तिथे ‘मी’ लिहायचे. आणि इतर ठिकाणी सहकाऱ्यांना उद्देशून सगळीकडे ‘तुम्ही’. एका पत्रात एकदा ‘आपण’, एकदा ‘तुम्ही’ असे नको.

दुसऱ्या दिवशी ती नवा मजकूर घेऊन आली. आता तो इतका शुद्ध झाला होता की ओळखू येईना. ‘आपल्या अमूल्य सहकार्याबद्दल मी ऋणनिर्देश करू इच्छिते’ असे एक वाक्य त्यात होते. आम्हाला हसू आले. ते तिचे बोलणे नव्हते, कुठल्या तरी समारंभाचे भाषण होते. शुद्ध म्हणजे जड नव्हे. आम्ही तिला ते मोठ्याने वाचायला लावले. जिथे तिची जीभ अडखळली, ते शब्द तिने स्वतःच बदलले.

शेवटी गेलेला ईमेल असा होता.

विषय: निरोप – ३० जून हा माझा शेवटचा दिवस

सर्व सहकाऱ्यांना नमस्कार.

मी केंद्रातले काम सोडत आहे. ३० जून हा माझा कामाचा शेवटचा दिवस आहे. जुलैपासून मी तालुक्याच्या गावी नवीन नोकरीवर रुजू होईन.

सहा वर्षांपूर्वी मी इथे आले तेव्हा मला किर्द लिहिता येत होती, पण चूक शोधता येत नव्हती. एकदा ९० रुपयांचा फरक दोन दिवस सापडत नव्हता. व्यवस्थापक मॅडम रात्री आठपर्यंत माझ्याजवळ बसल्या. फरकाला नऊने भाग जात असेल तर आकडे उलटे लिहिले गेलेत का ते आधी बघायचे, हे त्यांनी मला त्या दिवशी शिकवले. ५४० च्या जागी मी ४५० लिहिले होते. त्या मला एकदाही रागावल्या नाहीत.

अध्यक्ष मावशींनी लेखापरीक्षणाच्या दिवसांत माझ्यासाठी घरून भाकरी आणली. मी जेवल्याशिवाय त्या कागदावर सही करत नसत.

सहयोगिनी ताईंनो, पावसाळ्यात तुम्ही गटांची पासबुके प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ओढ्यापलीकडून आणलीत. एकही पान भिजले नाही. माझे हिशेब वेळेवर झाले ते तुमच्यामुळे.

मार्चमध्ये दोन गटांची जमा मी एकमेकांच्या नावावर लिहिली होती. ती चूक माझी होती. ती दुरुस्त होईपर्यंत तुम्हाला बोलणी खावी लागली, याचे मला वाईट वाटते.

हिशेबाची सर्व कागदपत्रे मी माझ्या मदतनीस ताईंकडे सोपवली आहेत. ३० जूननंतर हिशेबाबद्दल काहीही विचारायचे असल्यास त्यांना विचारावे.

माझा फोन नंबर तोच आहे. बाजाराच्या दिवशी तालुक्याला आलात तर चहाला नक्की या.

तुमची,

आणि खाली तिचे नाव.

मैत्रिणींनो, ऐकताना तुमच्या लक्षात आले असेल, या पत्रात मोठा शब्द एकही नाही. तक्रार नाही आणि खोटे गोडही काही नाही. मानधनाबद्दल ती गप्प राहिली, पण ‘मला इथे सगळे वेळेवर मिळाले’ असेही तिने लिहिले नाही. जे सगळ्यांसमोर म्हणायचे नाही ते गाळणे वेगळे आणि खोटे लिहिणे वेगळे.

आता पाठवण्याबद्दल थोडे. पत्ते घालायचे काम तिने सगळ्यांत शेवटी केले. हे चांगले, कारण पत्तेच नसले तर अर्धवट ईमेल चुकून जात नाही. पहिले अक्षर टाइप केले की फोन आपोआप नाव सुचवतो. तसा आमच्या यादीत बँकेच्या एका साहेबांचा पत्ता येऊन बसला होता. एकेक नाव बोटाने मोजले तेव्हा २९ भरले, म्हणून सापडला. ‘To’ च्या जागी तिने केंद्राचाच पत्ता लिहिला आणि बाकी सगळ्यांचे पत्ते ‘Bcc’ मध्ये घातले. ‘Bcc’ मध्ये घातले की कोणाला कोणाचा पत्ता दिसत नाही, आणि कोणी सगळ्यांना म्हणून उत्तर दिले तरी ते २८ जणींच्या फोनवर वाजत नाही. जीमेलमध्ये ‘Send’ दाबल्यावर काही क्षण ‘Undo’ असे दिसते. तेवढ्यात दाबले तर ईमेल थांबतो. ते क्षण गेले की गेला, मग तो परत घेता येत नाही.

तिने तो २७ जूनला सकाळी पाठवला. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाठवला असता तर ज्यांना येऊन भेटायचे होते त्यांना भेटता आले नसते. ज्या सहयोगिनी ईमेल उघडत नाहीत, त्यांच्यासाठी एक प्रत छापून फलकावर लावली. आणि ३० तारखेला जाण्याआधी तिने आमच्यासमोर केंद्राचे ईमेल खाते आपल्या फोनवरून काढून टाकले. बँकेचे संदेश तिच्या नंबरवर येत होते. तो नंबर बदलण्याचा अर्ज सह्या करणाऱ्या दोघींनी बँकेत दिला. निरोप घेतल्यावरही केंद्राचे पैसे आले-गेले हे तिच्या फोनवर कळत राहणे कोणाच्याच हिताचे नव्हते.

मावशींना ईमेल वाचता येत नाही. त्यांच्या नातीने तो वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी त्या कार्यालयात आल्या, फलकापाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘माझं नाव कुठं लिहिलंय, बोट ठेवून दाखव.’’ लेखापाल ताईने बोट ठेवून दाखवले. ‘अध्यक्ष मावशींनी’. मग मावशींनी तिचा अर्ज मागवून घेतला आणि पोचेवर सही केली.

जुलैत तिला दोन महिन्यांचे मानधन मिळाले. तिसऱ्याचे ८,००० अजून यायचे आहेत. अर्जाची पोच तिच्याकडे आहे, आणि दर महिन्याच्या बैठकीत तो विषय आता आम्हीच काढतो.

पुढच्या वेळी पुन्हा भेटू. नमस्कार.